ईएसपी८२६६ घ्यावा की ईएसपी३२?

प्रश्न: पहिलाच वायफाय प्रोजेक्ट आहे. दोन कुंड्यांतल्या मातीचा ओलावा मोबाइलवर बघायचाय, बॅटरीवर. वायफायचा बोर्ड म्हणून जुना ईएसपी८२६६ घेऊ की ईएसपी३२?

उत्तर: ईएसपी३२ घ्या. खरं तर तुमच्या कामात निवड पिनांवरच ठरते.

ओलाव्याचे सेन्सर ॲनालॉग असतात आणि ८२६६ ला ॲनालॉग पिन एकच, `A0`. तुम्हाला दोन कुंड्या आणि बॅटरीचं व्होल्टेज असे तीन इनपुट लागतील. मग ॲनालॉग सिग्नल आकड्यांत बदलणारी वेगळी एडीसी चिप जोडा, तिची लायब्ररी शोधा... पहिल्याच प्रोजेक्टला कशाला तो व्याप? ईएसपी३२ वर अशा पिना भरपूर आहेत, पण तिथेही एक खोच आहे. वायफाय चालू असताना त्यातल्या एडीसी२ गटाच्या पिना वाचता येत नाहीत. त्यामुळे सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी पिनांवरच लावा. त्यातल्या ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या आहेत. तिथे एलईडी किंवा रिले लावलात तर काहीच होणार नाही.

मेमरीचा प्रश्न डेटा कसा पाठवता त्यावर आहे. छोटे संदेश पाठवणाऱ्या साध्या एमक्यूटीटीला ८२६६ पुरतो. एन्क्रिप्शनवालं एचटीटीपीएस आलं की नुसत्या रिसीव्ह बफरलाच १६ केबी लागू शकतात, आणि वायफाय जोडल्यावर त्याच्याकडे मोकळी रॅम साधारण ४० केबीच्या आसपास उरते. कोड मोठा होत गेला की बोर्ड अधूनमधून रीस्टार्ट व्हायला लागतो. शंका आली तर `ESP.getFreeHeap()` छापून बघा.

आता बॅटरी. इथे बहुतेक जण डेटाशीट वाचून फसतात. डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून झोपवल्यावर, दोन्ही चिप काही मायक्रोअँपिअरवर येतात, पण तुम्ही विकत घेता तो बोर्ड. त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलीअँपिअरच्या आसपास खातो, शिवाय यूएसबीची चिप आणि सतत पेटलेला पॉवरचा एलईडी. समजा सगळे मिळून १० मिलीअँपिअर झाले, तर २००० एमएएचची बॅटरी २०० तासांत, म्हणजे आठेक दिवसांत संपेल. चिप जुनी असो की नवी. बोर्ड झोपवून बॅटरीच्या वायरमध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा, आकडा समोर येईल. म्हणून बॅटरीसाठी बनवलेला, कमी करंट खाणाऱ्या रेग्युलेटरचा बोर्ड शोधा. मात्र तो रेग्युलेटर ५०० मिलीअँपिअर देणारा हवा, कारण वायफायवर डेटा पाठवताना ईएसपी३२ क्षणभर बराच करंट ओढतो. सिरीयल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` दिसलं, तर कोड तपासत बसू नका, आधी पुरवठा बघा.

८२६६ आधीच घरात पडून असेल, सेन्सर एकच असेल आणि मोबाइल चार्जरवर चालवणार असाल, तर तोच वापरा. पुढे कधी त्याला डीप स्लीपमध्ये घातलंत, तर `D0` आणि `RST` वायरने जोडा, नाहीतर तो झोपेल आणि उठणारच नाही. फक्त प्रोग्राम अपलोड करताना ती वायर काढून ठेवा.