पेपर हातात आल्यावर डोकं रिकामं होतं तेव्हा

«बारावी सायन्सला आहे. प्रिलिमला फिजिक्सचा पेपर बघितला आणि पाठ केलेलं काहीच आठवेना. हात गार पडले. बोर्डाला असं झालं तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत काय करू?»

भांडुपला बारावीच्या मुलांना मी फिजिक्स शिकवतो, दरवर्षी दोन-तीन जण हेच सांगतात. आधी एक बघ. उत्तर पेपरनंतर स्टेशनकडे चालताना आपोआप आठवलं का? आठवलं असेल तर ते डोक्यात होतं, घाबरल्यामुळे बाहेर येत नव्हतं. पुस्तक उघडल्यावरच आठवलं असेल, तर तो विषय कच्चा आहे, तिथे श्वास मोजून काही होणार नाही.

साडेदहाला सेंटरवर पोचायचं असतं. गर्दीच्या लोकलमधून उतरून, जिने चढून थेट बाकावर बसलास तर छाती आधीच धडधडत असते आणि तीच भीती वाटते. म्हणून एक-दोन गाड्या आधीची पकड.

पेपर मिळाला की लगेच वाचू नकोस. दोन्ही पावलं जमिनीला टेकव. चार मोजत नाकाने श्वास घे, सहा मोजत सोड, असं आठ वेळा. दीड मिनिटही लागत नाही. सोडताना जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके मंदावतात. पण जोरजोरात मोठे श्वास घेऊ नकोस. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि मग अजूनच घाबरायला होतं.

मग पेपर एकदा वरून खाली वाच आणि येणारा एक छोटा प्रश्न आधी लिही. एमसीक्यूमध्ये पर्याय समोर असतात, ओळखायचं असतं, म्हणून ते घाबरलेल्या डोक्यालाही जमतं. हात चालू झाला की बाकीचं सुटत जातं.

तरी एखादं डेरिव्हेशन अडलंच, तर पहिली ओळ आठवत बसू नकोस, आकृती काढ. माझी एक विद्यार्थिनी कॅपिलरी राइजला अशीच अडकली होती. तिने नळी काढली, आत चढलेलं पाणी दाखवलं, मग स्वतःला विचारलं, पाण्याला वर कोण धरतंय? सरफेस टेन्शन, म्हणजे 2πrT cosθ. खाली कोण ओढतंय? त्या पाण्याचं वजन, म्हणजे πr²hρg. दोन्ही समान मांडले आणि h = 2T cosθ / rρg समोर आलं. पाठ केलेली ओळ हरवली, तरी कारण माहीत असलं की तिथे परत पोचता येतं.

तीन-चार मिनिटांत सुचलं नाही तर त्या प्रश्नासाठी जागा सोडून पुढे जा. आठवण्यासाठी प्रश्नपत्रिकेवर किंवा हॉल तिकिटावर मात्र काही लिहू नकोस, कॉपीचा संशय येतो.

हे सगळं हॉलमध्ये पहिल्यांदा करून जमत नाही. रविवारी सकाळी अकराला घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, जुना पेपर याच क्रमाने सोडव. बोर्डापर्यंतचे सगळे रविवार धर. एवढं करूनही रात्र-रात्र झोप लागत नसेल किंवा हॉलमध्ये चक्कर येत असेल, तर घरी सांग आणि डॉक्टरांना दाखव.