सर चांगले आहेत, मग फोन वाजला की पोटात गोळा का येतो?

"ताई, मी 24 वर्षांची आहे, नोकरीला लागून सात महिने झाले. माझे मॅनेजर माझ्याकडे जरा जास्तच लक्ष देतात. काम मनापासून शिकवतात, सगळ्यांसमोर कौतुक करतात, आणि रात्री मेसेजही करतात. त्यांना मी आवडते, की ते मला खरंच पुढे आणताहेत, की आणखी काही? उगाच वेगळा अर्थ काढायची भीती वाटते, आणि न काढायचीही."
– एक वाचक, म्हापसा

त्यांच्या मनात काय आहे, हा शोध आधी थांबवा. तो कधी संपत नाही, आणि त्यात मुली महिनेच्या महिने घालवतात. मनातलं बाहेरून कळत नाही. पण ते लक्ष तुमच्या कामाकडे आहे की तुमच्याकडे, ते चारचौघांत होतं की आडोशाला, आणि तुम्ही 'नको' म्हटल्यावर तुमच्या कामाचं काय होतं, हे दिसतं आणि लिहूनही ठेवता येतं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त सांगून जाते. एका मुलीच्या बाबतीत ते कसं उलगडत गेलं ते सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती फोंड्याची, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये. सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यातले चार झाले होते. तिचे मॅनेजर चाळिशीच्या आतबाहेरचे, लग्न झालेले, लॅबमध्ये कामाचे पक्के म्हणून नाव असलेले. त्यांनी तिला औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. नमुना कसा गाळायचा, कॉलम कधी धुवायचा, आलेखातलं शिखर का फाटतं, सगळं. इतरांना असं काम वर्षभराने मिळतं, तिला चौथ्या महिन्यात मिळालं. शिवाय कंपनीची बस चुकली की ते तिला बोरीच्या पुलापर्यंत गाडीने सोडत. रात्री साडेदहाला मेसेज यायचा: "जेवलीस?" मग, "तू इथल्या बाकीच्यांसारखी नाहीस."

तिचा गोंधळ असा होता की शिकवणं खोटं नव्हतं. एवढं चांगलं शिकवणारा माणूस वाईट कसा असेल, आणि वाईट असेल तर तो एवढं शिकवेल कशाला? आणखी एक गोष्ट तिने तिसऱ्या भेटीत खाली मान घालून सांगितली: सुरुवातीला तिला ते लक्ष आवडलंही होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नव्या ठिकाणी आपली कोणी दखल घेतली की बरं वाटतंच. ते आवडलं होतं म्हणून पुढच्या सगळ्याला होकार दिला असं होत नाही.

चूक प्रश्नातच होती. 'हे, ते, की ते' असं एकच उत्तर ती शोधत होती. मार्गदर्शन, ओढ आणि सत्तेचा वापर हे तिन्ही एकाच माणसाकडून, एकाच आठवड्यात होऊ शकतं. म्हणून माणसाला एक नाव देत बसायचं नाही. प्रसंग सुटे करायचे.

तिला एक साधी वही करायला सांगितली, घरी ठेवायची, ऑफिसच्या संगणकावर नाही. प्रत्येक प्रसंगासाठी तारीख आणि वेळ, सुरुवात कोणी केली, समोर कोण होतं, बोलणं कामाचं की तिच्याबद्दल, आणि एक रकाना मोकळा: त्यानंतरच्या आठवड्यात कामात काय बदललं. नोंद त्याच दिवशी करायची, आणि अर्थ लिहायचा नाही. "सर विचित्र वागले" ही नोंद उपयोगाची नाही. "सर पाच मिनिटं माझ्या खुर्चीमागे उभे होते, हात खुर्चीच्या पाठीवर, लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं" ही उपयोगाची. पहिल्या चार दिवसांच्या तिच्या नोंदी सगळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या. त्या पुन्हा लिहाव्या लागल्या.

एकवीस दिवसांत 31 नोंदी झाल्या. त्यातल्या 12 लॅबमधल्या, इतरांसमोरच्या, कामाच्या. त्या खऱ्या मार्गदर्शनाच्या होत्या. मार्गदर्शन ओळखायला सोपं असतं: ते उघड्यावर चालतं, चूक स्पष्ट दाखवतं, आणि हळूहळू तुम्हाला त्या माणसाची गरज कमी करत नेतं. उरलेल्या 19 नोंदी कामाच्या वेळेबाहेरच्या होत्या, आणि त्यात कामाचा विषय फक्त 3 वेळा. त्या सगळ्यांची सुरुवात त्यांच्याकडून. दोनदा "हे लॅबमध्ये बोलू नकोस" अशी सूचनाही होती. शिकवण्यात लपवण्यासारखं काही नसतं. म्हणून अशी सूचना दिसली की त्या ओळीखाली रेघ मारा.

एवढ्यावरून ओढ आहे असं म्हणता आलं असतं. त्रास आहे असं अजून म्हणता येत नव्हतं. एखाद्या वरिष्ठाला कोणी आवडणं हा गुन्हा नाही. नीट वागणारा वरिष्ठ एकदा विचारतो, 'नाही' ऐकतो, पुन्हा विचारत नाही, आणि त्या मुलीचं मूल्यमापन आपल्या हातात राहू नये म्हणून स्वतः वर कळवतो. अशी माणसं असतात. पण ती ओळखू येतात नकारानंतर, आधी नाही.

म्हणून दुसरा टप्पा होता छोट्या नकाराचा. मोठं भांडण नको, आरोप नको, कारणांची माळ नको. तिने फक्त दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी बस पकडायची, आणि गाडीचं विचारलं तर "नको सर, मी बसने जाते" एवढंच म्हणायचं. रात्रीच्या मेसेजला उत्तर सकाळी नऊनंतर द्यायचं, असं: "सर, कामाचं असेल तर लॅबच्या ग्रूपवर टाकाल का? बाकीच्या मेसेजना मी उत्तर देणार नाही." इथे बहुतेक मुली शेवटी हसरा चेहरा जोडतात, वाक्य मऊ व्हावं म्हणून. तो जोडू नका. पुढे कधी कागद दाखवायची वेळ आली तर समोरचा त्याच चेहऱ्याकडे बोट दाखवतो. आधी तसे पाठवले असतील तर काही बिघडत नाही. हाताखालचं माणूस साहेबाला हसून उत्तर देतं, तो होकार नसतो. पण एक वाक्य स्पष्ट असलं की वादाला जागा कमी राहते.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात वहीतला मोकळा रकाना भरू लागला. एचपीएलसीचं काम काढून तिला काचसामान धुण्याच्या नोंदींवर बसवलं. तिचे अहवाल तीन-तीन दिवस सहीविना पडून राहिले, बाकीच्यांचे त्याच दिवशी जात. आणि एका दुपारी, हसत हसत: "तुझं कन्फर्मेशन माझ्याच हातात आहे, विसरू नकोस."

त्या वाक्याने प्रकरणाची जात बदलली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त स्पर्श किंवा अश्लील बोलणं धरत नाही. नकोशा लैंगिक वागणुकीला जोडून कामात झुकतं माप देण्याचं आमिष, नुकसानीची किंवा नोकरी धोक्यात आणण्याची धमकी, उघड असो वा आडून, तीही त्यात येते. प्रोबेशनवरची, शिकाऊ मुलगीही त्यात येते. त्या माणसाचं तिच्यावर खरंच प्रेम होतं का, हा प्रश्न अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीपुढे येतच नाही.

तरी ती कचरली. गोवा लहान. त्यांची बायको तिच्या मावशीच्या वाड्यावरची, जत्रेला सगळे एकाच देवळात. हे भय खरं आहे, ते उडवून लावू नये. तिला धीर आला तो दोन गोष्टी कळल्यामुळे. तक्रार, चौकशी आणि दोघांचीही नावं गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि तक्रार केली म्हणजे चौकशीच करावी लागते असं नाही. चौकशी सुरू होण्याआधी तक्रार करणारीच समेटाची मागणी करू शकते. तो पैशांवर करता येत नाही. समेट मोडला तर समिती चौकशी करते.

तिने आधी मेसेजचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट काढून घरच्या ईमेलवर ठेवले. मग अंतर्गत समितीला दोन पानी लेखी तक्रार दिली, वहीतल्याच भाषेत, विशेषणांशिवाय. सोबत मागणी केली की तिचं मूल्यमापन दुसऱ्या कोणी करावं. नियमांत तशी सोय आहे: चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या कामाचा अहवाल लिहिण्यापासून समिती रोखायला सांगू शकते. तिने समेट निवडला. लेखी ठरलं: कामाच्या वेळेबाहेर संपर्क नाही, मूल्यमापन दुसऱ्या विभागप्रमुखाकडे, यंत्रावरचं प्रशिक्षण दुसरं कोणी हजर असतानाच. कन्फर्मेशन वेळेवर झालं. लॅबमध्ये काही जण तिच्याशी महिनाभर मोजकंच बोलले. ती किंमत तिला द्यावी लागली.

आता तुमच्याबद्दल. हा वहीचा आणि छोट्या नकाराचा मार्ग गोंधळ असतो तेव्हाचा आहे. स्पर्श झाला असेल, शरीराबद्दल बोलणं झालं असेल, किंवा काही 'मागितलं' असेल, तर एकवीस दिवस थांबू नका. एक प्रसंगही पुरतो. मेसेज रागाने पुसून टाकू नका, आणि 'त्यांना समजावून सांग' म्हणून सहकाऱ्याला मध्ये घालू नका. निरोप बदलतो आणि बोभाटा होतो.

मुदत लक्षात असू द्या. तक्रार प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत करायची असते; प्रसंग सतत घडत असतील तर शेवटच्या प्रसंगापासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिच्या सदस्यांची नावं फलकावर असायला हवीत. तुमचं ऑफिस त्याहून लहान असेल, किंवा मॅनेजर म्हणजे खुद्द मालकच असेल, जसं किनाऱ्यालगतच्या कितीतरी गेस्ट हाउसांत असतं, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. आज रात्री फक्त मागच्या मेसेजच्या तारखा उतरवून काढा, आणि वहीतला शेवटचा रकाना मोकळा ठेवा.