सुपारी फुटायच्या आधी

चि. पोरी,

परवा खानापूरच्या स्टँडवर तू विचारलंस, "मावशी, फिटचं त्याला आत्ता सांगू, की अजून थोडं थांबू?" तेवढ्यात बस लागली आणि बोलणं अर्धंच राहिलं.

पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. एका चहापुरत्या ओळखीत कोण आपली फाईल उघडून दाखवतं? पण तुम्ही चार वेळा भेटलात, आणि आता तो निपाणीला घरी विषय काढतो म्हणतोय. म्हणजे वेळ झाली. सुपारी फुटायच्या आधी सांग, आणि तुझ्या तोंडाने सांग.

मी सांगितलं नव्हतं. माझं लग्न १९९४ चं. वारंवार फेफरं येणं ही तेव्हा हिंदू विवाह कायद्यातच लग्नाला अडचण होती. तो शब्द कायद्यातून १९९९ साली काढून टाकला. आई म्हणाली, दोन वर्षं फिट नाही, गप्प बस. कायदाच आडवा असताना मी तरी काय करणार होते? पण परिणाम मलाच भोगावा लागला.

गोळ्या मी पावडरच्या डब्यात लपवल्या होत्या. सासरचं घर पाहुण्यांनी भरलेलं, डबा उघडायला आडोसा नाही. दोन दिवस गोळ्या चुकल्या, त्यात गोंधळाची रात्र जागून काढली, आणि पहाटे फिट आली. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घातला. माझा पुढचा दात तुटला. मालक नुसते उभे होते, कारण काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे आजारावरून ते एक शब्द बोलले नाहीत. डब्यावरून मात्र बोलले.

लपवलेली गोळी चुकते गं! त्यात जागरण झालं की फिट येते. म्हणून सुपारीच्या आधी.

आणि "कधीकधी चक्कर येते" असलं गुळमुळीत सांगू नकोस. महत्त्वाची गोष्ट फसवून दडवली तर त्यावरून लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं. सरळ म्हण, "मला फिटचा आजार आहे. रोज गोळ्या घेते. शेवटची फिट चौदा महिन्यांपूर्वी आली. पुन्हा आली तर मला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात ने."

तुझ्या चिठ्ठीवर व्हाल्प्रोएट आहे, तेही सांग. गरोदरपणी त्या गोळीचा बाळाला धोका असतो, म्हणून डॉक्टरांशी लग्नाआधीच बोलायला हवं. गोळी बदलायची तर ती हळूहळू बदलतात, त्यात महिने जातात. मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही.

ऐकून तो गप्प झाला तर होऊ दे. त्याच दिवशी उत्तर मागू नकोस. घरच्यांना विचारतो म्हणाला तर विचारू दे की, पण त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून घरापर्यंत बातमी जायला किती वेळ लागतो, तुला ठाऊक आहे.

रविवारी भेटणार ना? शनिवारी रात्रीची गोळी घेऊन लवकर झोप. सोमवारी फोन कर, मी वाट बघते.

तुझी,
मावशी