घर गहाण टाकून सात महिने आधी पैसे कशाला भरता?

*"गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी बर्कशायर हॅथवेच्या बी शेअरचे ४०० डॉलर स्ट्राइकचे तीन कॉल ६० डॉलरच्या भावाने घेतले. शेअर आता ४८० वर आहे, मुदत जानेवारीपर्यंत आहे. ऑप्शनच्या क्लासमधले सर म्हणतात, भाव चांगला आहे तोवर एक्सरसाइज करून शेअर नावावर करून घ्या, म्हणजे वर्षभराची मोजणी आजच सुरू होईल आणि टॅक्स कमी लागेल. त्यासाठी १,२०,००० डॉलर हवेत. घरावरची क्रेडिट लाइन ८ टक्क्यांनी मिळते, ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातूनही कर्ज निघतं. कोणतं काढू? शेअरहोल्डर म्हणून बर्कशायरच्या ओमाहातल्या वार्षिक सभेला जायचीही फार इच्छा आहे." – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

कॉल म्हणजे मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घ्यायचा हक्क, आणि तो हक्क वापरून शेअर घेणं म्हणजे एक्सरसाइज. ४०१-के मधून ५०,००० डॉलरच्या वर कर्ज मिळत नाही, तेव्हा तो पर्याय तसाही पुरा पडला नसता. क्रेडिट लाइनलाही हात लावू नका. कारण हे पैसे आज भरायचेच नाहीत.

तुमच्या पत्रात एक आकडा नाही, आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे: हा कॉल आज बाजारात कितीला विकला जातोय? तुम्ही आणि तुमचे सर, दोघांनीही ४८० वजा ४०० म्हणजे ८० डॉलर धरून गणित संपवलंय. ब्रोकरच्या अॅपवर बघा, भाव ९२ च्या आसपास दिसायला हवा. वरचे १२ डॉलर कोणी उपकार म्हणून देत नाही. त्यातले नऊ व्याजाचे आहेत. कॉल हातात असेपर्यंत तुमचे ४०० डॉलर तुमच्याकडेच राहतात आणि ४ टक्के धरले तरी सात महिन्यांत ते नऊ-साडेनऊ डॉलर कमावतात. उरलेले तीनेक डॉलर विम्याचे. जानेवारीत शेअर ३५० वर आला, तर कॉलवाला स्ट्राइक भरत नाही, मोकळा होतो. आज एक्सरसाइज करणाऱ्याने मात्र ४०० मोजून ३५० चा शेअर घेतलेला असतो. एक्सरसाइज केलंत की हे दोन्ही तुम्ही त्याच क्षणी फुकट टाकता. तीन कॉल म्हणजे ३०० शेअर, १२ डॉलरप्रमाणे ३,६०० डॉलर गेले. ८ टक्क्यांचं कर्ज काढलंत तर नुसतं व्याजच सात महिन्यांत ५,६०० होईल.

भाव उतरायची भीती वाटते? मग कॉल विका, ९२ मिळतील. एक्सरसाइज करून शेअर विकलात तर ८० च मिळतात. शेअर आणखी चढेल असं वाटतं? मग कॉल ठेवा. जितका शेअर चढेल तितका फायदा तुमचाच आहे, आणि ४०० डॉलर जानेवारीत भरा. शेअर कायमचा जवळ ठेवायचा असला तरीही भरणा शेवटच्या दिवशीच करा, सवलत थोडीच मिळते लवकर भरल्याची. आज एक्सरसाइज करणं शहाणपणाचं ठरेल अशी तिसरी परिस्थिती मला तरी सापडत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्येच हे गणिताने सिद्ध केलं, आणि त्यासाठी शेअर वर जाईल की खाली याचा अंदाजसुद्धा बांधावा लागत नाही.

"पण बाजाराने ८० च दिले तर?" असं तुमचे सर विचारतील. समजा कॉल ८५ ला मिळतोय. कोणीतरी शेअर उसना घेऊन ४८० ला विकेल, ८५ चा कॉल घेईल आणि उरलेले ३९५ सरकारी ट्रेझरी बिलात ठेवेल. जानेवारीत त्याचे ४०४ होतात. शेअर कितीही चढो, कॉलच्या जोरावर ४०० भरून तो शेअर परत करतो. पडला असेल तर त्याहून स्वस्तात बाजारातून घेतो. कसंही झालं तरी चार डॉलर खिशात. असा फुकटचा पैसा बाजारात पडून राहत नाही, घेणारे लगेच तुटून पडतात आणि कॉलचा भाव ८९ च्या वर ढकलतात. म्हणून लाभांश न देणाऱ्या शेअरच्या कॉलची खरी किंमत कधीच "फक्त फरक" इतकी नसते. इतक्या खोल कॉलमध्ये खरेदी-विक्रीच्या भावांत कधीकधी मोठी दरी असते, बिड, म्हणजे घेणाऱ्याचा भाव, ८० च्या खालीही दिसेल. घाबरून मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकू नका, ९२ च्या जवळपास लिमिट ऑर्डर लावून थांबा.

आता टॅक्स. क्लासमधल्या सरांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे तो इथे. तुम्ही कॉल घेऊन चौदा महिने झालेत. आज तो ९२ ला विकलात तर शेअरमागे ३२, म्हणजे एकूण ९,६०० डॉलरचा नफा, आणि तो दीर्घ मुदतीचा, कमी टॅक्सचा धरला जातो, कारण वर्ष कधीच पूर्ण झालंय. एक्सरसाइज केलंत की ते चौदा महिने पुसले जातात. शेअरची मोजणी दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरू होते आणि खरेदी किंमत ४०० अधिक ६०, म्हणजे ४६० धरतात. वर्षाच्या आत ४८० ला विकायची वेळ आली तर नफा ६,००० च, आणि त्यावर पगारासारखा टॅक्स. "मोजणी आजच सुरू होईल" हे सरांनी सांगितलं, आधीची मोजणी बुडते हे सांगितलं नाही. क्लासची फी किती घेतली होती, ते कळवा एकदा.

हा नियम लाभांश नसेल तोवरच लागू होतो. बर्कशायरने १९६७ मध्ये एकदाच लाभांश दिला, त्यानंतर नाही, म्हणून तुमची केस सरळ आहे. पण मेटा आणि अल्फाबेट यांनी २०२४ मध्ये लाभांश सुरू केला, तेव्हा "ही कंपनी देतच नाही" हे गृहीत धरू नका. लाभांश असला तरी शेअर ज्या तारखेपासून लाभांशाशिवाय विकला जातो, फक्त त्या एक्स-डिव्हिडंड तारखेच्या आदल्या दिवशी एक्सरसाइजचा विचार करायचा, आणि तोही लाभांश उरलेल्या व्याजापेक्षा मोठा असेल तरच. तुमच्या कॉलवर ते व्याज नऊ डॉलर आहे, अल्फाबेटचा पहिला लाभांश २० सेंट होता.

नोकरीत कंपनीकडून शेअरचे ऑप्शन मिळालेल्या ईसॉपवाल्यांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नका. तो कॉल बाजारात विकता येत नाही, त्यामुळे "विका, ९२ मिळतील" हा अर्धा भाग तिथे गळतो. भारतातले वाचक विचारतील म्हणून सांगतो, एनएसईवर शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, मुदतीआधी एक्सरसाइज करताच येत नाही.

ओमाहाच्या सभेसाठी ३०० शेअर लागत नाहीत, बी वर्गाचा एक पुरतो. ४८० डॉलर बचतीतून काढा, एक शेअर घ्या आणि मे महिन्याची तिकिटं बघा. कॉलचं काय करायचं ते जानेवारीतल्या तिसऱ्या शुक्रवारच्या आठवडाभर आधी ठरवा. त्या शुक्रवारी मुदत संपताना शेअर ४०० च्या एक सेंटनेही वर असला तर तुम्ही न सांगताही कॉल एक्सरसाइज होतो. खात्यात १,२०,००० डॉलर नसतील तर शनिवारी ब्रोकरचा मेल आलाच म्हणून समजा, तेव्हा गुरुवारपर्यंत विकून मोकळ्या व्हा.