मोठे साहेब थेट मलाच काम सांगतात, मॅनेजरला काय सांगू?

प्रश्न: महाप्याच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत डिस्पॅचला आहे. जीएम हल्ली माझ्या मॅनेजरना वगळून थेट मलाच फोन करतात. परवा तर म्हणाले, 'त्याला मध्ये घेऊ नकोस, उशीर करतो.' मॅनेजर चांगले आहेत, मला शिकवलंय त्यांनी. कोणाचं ऐकू?

उत्तर: ऐकायचं जीएमचंच, पण मॅनेजरना कळवून. आणि त्यांना ते तुमच्याकडून कळलं पाहिजे, ट्रान्स्पोर्टर किंवा कस्टम्सचं काम बघणाऱ्या सीएचएकडून नव्हे. तुम्ही काम केलंत याचा राग सहसा येत नाही. चारचौघांत 'अहो, गाडी बदलली ना?' असं कोणी विचारलं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचा येतो.

नेहमीचा प्रसंग घ्या. सकाळी साडेअकराला जीएमचा फोन येतो, 'आजचा ट्रेलर दुबईच्या मालाला लाव.' तोच ट्रेलर मॅनेजरनी मोंबासाच्या कंटेनरला दिलेला आहे आणि त्याचं न्हावाशेव्याचं गेट उद्या सकाळी बंद होतंय. इथे नुसतं 'हो सर' म्हणून फोन ठेवलात की दोन साहेबांमधला निर्णय तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून घेतलात. जहाज चुकलं की तो तुमच्याच नावावर. म्हणून फोनवरच म्हणायचं, 'लावतो सर. पण हा ट्रेलर मोंबासाला दिलाय, उद्या सकाळी गेट आहे. तो कंटेनर पुढच्या जहाजावर गेला तर चालेल का? मी सरांच्याही कानावर घालतो.' शेवटचं वाक्य परवानगी मागितल्यासारखं नको, जाता जाता सांगितल्यासारखं हवं. बहुतेक वेळा जीएमना मोंबासाचं ठाऊकच नसतं, आणि तेच म्हणतात, 'थांब, मी त्याच्याशी बोलतो.' गाठ तिथेच सुटते.

सुटली नाही तर गाडी हलायच्या आत मॅनेजरना मेसेज: 'सर, साडेअकराला जीएम सरांचा फोन आला. आजचा ट्रेलर दुबईला लावायला सांगितलाय. मोंबासाचं गेट उद्या सकाळी आहे, हे त्यांना सांगितलंय. दुसरा ट्रेलर बघतोय. काही बदल असेल तर एकपर्यंत कळवा.' बस. 'मला फार ऑकवर्ड होतंय' वगैरे त्यात नको, ते चहाच्या वेळी. मेलही करावा, पण नंतर, त्या शिपमेंटच्या चालू मेलमध्येच, दोघांनाही ठेवून. तोंडी काहीच न सांगता एकदम मॅनेजरना सीसीत घातलंत तर जीएमना ती चहाडी वाटते आणि मॅनेजरना ताकीद.

आता ते 'त्याला मध्ये घेऊ नकोस'. रोजच्या गाड्यांबाबत हे पाळता येत नाही, कारण संध्याकाळी प्लॅनच्या शीटवर बदल दिसणारच. तेच शांतपणे सांगा: 'सर, शीट तेच बघतात, कळेलच त्यांना. मी काम थांबवत नाही, फक्त सांगून ठेवतो.' याला अपवाद एकच. मॅनेजरच्याच कामाची चौकशी चालू असेल, समजा ट्रान्स्पोर्टच्या बिलांची, तर गुप्तता रास्त आहे. पण मग मागणी लेखी हवी आणि त्यात एचआर किंवा ऑडिटचं कोणी तरी हवं. नुसत्या फोनवर असली कामं घेऊ नका.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. जीएमचे प्रश्न गाड्यांचे आहेत तोवर ती बहुधा त्यांची घाई असते. ते मॅनेजरबद्दल विचारू लागले, 'किती वाजता येतो? प्लॅन खरं कोण बनवतं?', की प्रकरण वेगळं. तिथे कंटेनरचं सगळं सांगा, माणसाचं काही नको. 'ते त्यांनाच विचारलेलं बरं, सर' एवढं म्हणण्याची हिंमत लागते, पण त्यामुळे नोकरी गेलेली मी तरी पाहिलेली नाही. उलट, जो एकाबद्दल बोलतो तो उद्या आपल्याबद्दलही बोलेल, एवढं जीएमना कळतंच.

हेन्री फायोल या फ्रेंच खाण इंजिनियरने 1916 मध्येच लिहून ठेवलं होतं की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावेत. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर ते कोण पाळतंय! म्हणून जीएमचे फोन बंद करण्याच्या फंदात पडू नका. मॅनेजरना निवांत गाठा, सोबत या महिन्यात जीएमकडून आलेल्या कामांची यादी न्या. अप्रेझल तेच लिहिणार आहेत, त्यामुळे तुमचा वेळ कुठे गेला हे त्यांना दिसायलाच हवं. मग विचारा, 'सर, यातली कुठली मी थेट करून नुसती कळवू आणि कुठली तुमच्याकडे पाठवू?' माहिती, स्टेटस, कागदाची कॉपी हे थेट. ठरलेला क्रम बदलणारं काही असेल तर आधी त्यांना फोन. एवढं ठरलं की जीएमना 'आमच्यात असं ठरलंय' हे मॅनेजरनी सांगायचं, तुम्ही नाही. त्यांनी ते टाळलं, तर यादी आणि मेसेज चालू ठेवा. त्या दोघांमधलं भांडण तुमच्या पगारात मोडत नाही.