स्वागतपर भाषण ३ मिनिटांत कसं बसवायचं

सर, शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वागताला ३ मिनिटं म्हणजे सावकाश बोललात तर जेमतेम ३०० शब्द. तुमच्या मसुद्यात निम्मे 'सन्माननीय'मध्येच गेलेत. नावं फक्त प्रमुख पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष आणि सरपंचांची घ्या. व्यासपीठावरची बाकी नावं सूत्रसंचालकानं आधीच वाचलेली असतात. इतरांना कामावरून ओळखा. "आईबाप ऊसतोडीला गेले, त्यांच्या माघारी नातवंडांना नटवून आणणाऱ्या आज्या" एवढं म्हणा, अख्खा मंडप आपला. पोषण आहाराच्या मावशी, शिपाईमामा यांना एकेक वाक्य. निकालाचे आकडे अहवाल वाचनात जाऊ द्या. मी पहिल्या वर्षी १२ मिनिटं बोललो. लेझीमची पोरं पडद्यामागं पेंगली. देणगीदारांची यादी आभार मानणाऱ्या गुरुजींकडं आदल्या दिवशीच द्या, नाहीतर एखादा हमखास सुटतो.