फाट्यावरचा बसथांबा: आधी ओट्याची उंची ठरवा

प्रश्न: आमच्या फाट्यावर एसटीचं नवीन शेड मंजूर झालंय. म्हातारे लोक अन् शाळेचे पोट्टे, दोघांनाही सोयीचं व्हावं म्हणून ग्रामपंचायतीला नेमकं काय सांगू?

उत्तर: सर्वात आधी ओट्याची उंची विचारा. शेडची कामं पाहताना विदर्भात एकच गोष्ट वारंवार दिसते. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ओटा दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर, उंच बांधतात आणि पुढे तीन पायऱ्या देतात, त्याही बिनकठड्याच्या. गाडी आली की म्हातारी आधी या पायऱ्या उतरते आणि मग तिला पुन्हा गाडीची पायरी चढावी लागते. ती पायरी जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटरवर असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि पाठीवर दप्तर असलेल्या पहिलीतल्या पोराला सर्वात अवघड जाते ती हीच.

ओट्याची रस्त्याकडची कड १५ सेंटीमीटरच ठेवायला सांगा. तिच्यावरून चढायचं उरतं २५ सेंटीमीटर. त्याहून उंच नको, कारण जुन्या गाड्यांचं दार बाहेर उघडतं. उतार एकास बारा धरला तर १५ सेंटीमीटरला १.८ मीटरचा रॅम्प पुरतो. दीड फुटाच्या ओट्याला तोच रॅम्प ५.४ मीटर लागतो. जागा नाही म्हणून मग तो उभा बांधतात आणि कोणी वापरत नाही. पाणी अडवायला ओटा चढवण्यापेक्षा मागून नाली काढलेली बरी.

पण गाडी कडेला भिडली नाही तर हे सगळं वाया जातं. कड सरळ आणि निदान १५ मीटर लांब हवी, कारण दार कुठे पुढे असतं, कुठे मधे. तिथे मोटारसायकली आणि पानटपरी आली की ड्रायव्हर गाडी रस्त्यावरच उभी करतो. म्हणून टपऱ्यांची जागा नकाशातच मागे दाखवून घ्या.

बाकाची उंची ४५ सेंटीमीटर ठेवा. पाठ टेकायला हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. म्हातारा माणूस हातावर जोर देऊनच उठतो. त्याच बाकावर पोरांचे पाय लोंबकळतात, म्हणून त्यांच्यासाठी ३० सेंटीमीटरचा एक बाक वेगळा करा. स्टीलचे बाक तर नकोच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्यावर बसवत नाही. लाकडी पट्ट्या लावा. शेडचं तोंड पश्चिमेला असेल तर तीन वाजताचं ऊन थेट आत येतं, तेव्हा त्या बाजूला जाळीची भिंत घ्या, म्हणजे हवाही खेळेल.

रॅम्पला कठडा दोन उंचीवर लावा: ९० सेंटीमीटरवर मोठ्यांना, ७५ च्या आसपास पोरांना.

आणि काम सुरू झालं की पाया पाहायला स्वतः जा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती खोदून काढून मुरूम भरून दाबला नाही, तर कड एका बाजूला कलते आणि पेव्हर ब्लॉक वर येतात. त्यांना पाय अडखळतो तो म्हाताऱ्यांचाच. इस्टिमेटमध्ये मुरूम भराईची ओळ आहे का, हे काम सुरू होण्याआधीच ग्रामसेवकाकडून पाहून घ्या.